लहान कॉइनमधलं स्कॅल्पिंग: स्क्रीनवरचा भाव आणि हातात पडणारा भाव

सराफाच्या दुकानात सोन्याचे दोन भाव असतात. नवं सोनं घेताना एक भाव, आणि तेच सोनं तासाभरात मोडीत द्यायला गेलं तर दुसरा, कमी भाव. बाजारात सोनं एक रुपयानंही उतरलेलं नसतं, तरी ग्राहकाचे पैसे कमी होतात. क्रिप्टो बाजारात हाच प्रकार प्रत्येक कॉइनमध्ये सतत चालू असतो. बिटकॉइनसारख्या मोठ्या कॉइनमध्ये हा फरक इतका बारीक असतो की जाणवत नाही. लहान, कमी उलाढालीच्या कॉइनमध्ये मात्र तो टक्क्यांत मोजावा लागतो. काही मिनिटांत घेऊन विकायचं आणि एक-दीड टक्का कमवायचा, म्हणजेच स्कॅल्पिंग करायचं, तर सगळा खेळ या फरकावर येऊन थांबतो.

बिड, आस्क आणि मधली फट

एक्स्चेंजच्या ऑर्डर बुकमध्ये दोन याद्या असतात. एका बाजूला घेणारे, ‘मी इतक्याला घेईन’ म्हणणारे. त्यांच्यातला सर्वात चढा भाव म्हणजे बिड. दुसऱ्या बाजूला विकणारे, आणि त्यांच्यातला सर्वात उतरता भाव म्हणजे आस्क. या दोन भावांतली फट म्हणजे स्प्रेड. ज्याला आत्ताच्या आत्ता घ्यायचं आहे त्याला आस्कचा भाव मोजावा लागतो, आणि ज्याला आत्ताच्या आत्ता विकायचं आहे त्याला बिडवर समाधान मानावं लागतं. अमेरिकी अर्थतज्ज्ञ हॅरॉल्ड डेमसेट्झ यांनी १९६८ मध्ये शेअर बाजाराचा अभ्यास करताना स्प्रेडकडे याच नजरेनं पाहिलं होतं: ही तातडीची किंमत आहे.

लहान कॉइनमध्ये ही किंमत जास्त का? बुकमध्ये भाव लावून बसणाऱ्याला दोन धोके असतात. घेतलेला माल पुन्हा विकला जाईपर्यंत भाव पडू शकतो. आणि समोरून विकायला आलेल्या माणसाला एखादी बातमी आधीच कळलेली असू शकते. गिऱ्हाईक कमी, चढउतार जास्त, म्हणजे दोन्ही धोके मोठे. म्हणून तो फट रुंद ठेवतो.

स्प्रेड नेहमी टक्क्यांत काढायचा. आस्कमधून बिड वजा करा, आलेल्या आकड्याला दोन्हींच्या मधल्या भावानं भागा आणि शंभरनं गुणा. रुपयांतला फरक फसवा असतो. पाच पैशांची फट पाचशे रुपयांच्या कॉइनमध्ये काहीच नाही, पण पाच रुपयांच्या कॉइनमध्ये ती एक टक्का आहे. भाव ज्या टप्प्यांनी सरकू शकतो, त्या टिकचंही तसंच. चाळीस पैशांच्या कॉइनमध्ये एक्स्चेंजनं एक पैशाचा टिक ठेवला असेल, तर फट अडीच टक्क्यांच्या खाली येऊच शकत नाही. अशा कॉइनमध्ये कितीही चांगला अंदाज असला तरी स्कॅल्पिंगला जागा उरत नाही.

एक सौदा शेवटपर्यंत मोजून

समजा एका लहान कॉइनचं रुपयांतलं ऑर्डर बुक असं दिसतंय. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण घडण नेहमी दिसणारीच आहे.

विकणारे:
- ₹५.०० ला १,००० कॉइन
- ₹५.०२ ला १,५०० कॉइन
- ₹५.०५ ला २,५०० कॉइन

घेणारे:
- ₹४.९५ ला ८०० कॉइन
- ₹४.९२ ला १,२०० कॉइन
- ₹४.८८ ला ३,००० कॉइन

वरवर पाहिलं तर फट पाच पैशांची, म्हणजे साधारण एक टक्का. एका माणसाला ४,००० कॉइन घ्यायचे आहेत, अंदाजे वीस हजारांचा सौदा. त्यानं मार्केट ऑर्डर टाकली. पहिले १,००० कॉइन ५.०० ला मिळाले, पुढचे १,५०० कॉइन ५.०२ ला, आणि उरलेले १,५०० कॉइन ५.०५ ला. एकूण ₹२०,१०५ गेले. सरासरी भाव ५.०३ च्या जवळ पडला. स्क्रीनवर पाच रुपये दिसत होते, हातात पडलेला भाव वेगळा.

आता भाव जागेवरून हलला नाही आणि घेणाऱ्यांची यादीही तशीच आहे असं धरू. त्यानं लगेच सगळे कॉइन विकले, तर ८०० कॉइन ४.९५ ला, १,२०० कॉइन ४.९२ ला आणि २,००० कॉइन ४.८८ ला जातील. हातात ₹१९,६२४ येतील. म्हणजे बाजार तसूभर न हलता ₹४८१ गेले. हे जवळपास २.४ टक्के होतात. दिसणारी फट एक टक्क्याची होती, उरलेला जवळपास दीड टक्का बुकच्या उथळपणानं खाल्ला. यालाच स्लिपेज म्हणतात. एखाद्या कॉइनचा स्प्रेड किती, हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे. किती मालासाठी, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. याच बुकमध्ये ५०० कॉइनचा सौदा केला असता तर नुकसान एका टक्क्यावरच थांबलं असतं.

त्यात एक्स्चेंजची फी. ती प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. हिशेबासाठी एका बाजूला ०.२५ टक्का धरू. या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून ती प्रत्यक्षात ०.२९५ टक्का होते. घेताना सुमारे ₹५९, विकताना सुमारे ₹५८. दोन्ही मिळून ₹११७. स्प्रेड, स्लिपेज आणि फी मिळून खर्च झाला ₹५९८, म्हणजे सौद्याच्या जवळजवळ तीन टक्के.

हा आकडा उलटा वाचला की त्याचा अर्थ नीट कळतो. या माणसाला फायदा नको, फक्त स्वतःचे पैसे परत हवेत, तरी विक्रीची सरासरी ₹५.०६ च्या आसपास यायला हवी. त्यासाठी घेणाऱ्यांची सगळी यादीच साधारण पंधरा पैशांनी वर सरकावी लागेल, म्हणजे बिड ४.९५ वरून ५.१० वर यायला हवी. समजा भाव त्याच्या अंदाजाप्रमाणे दीड टक्का वर गेला. चार्टवर हिरवी मेणबत्ती दिसेल, अंदाज बरोबर निघाला असं वाटेल. पण याच हिशेबानं विकल्यावर त्याच्या खात्यातून सुमारे ₹३०५ कमी झालेले असतील.

जिंकण्याचं प्रमाण किती लागेल

खर्च टक्क्यांत कळला की पुढचा प्रश्न येतो: दहातले किती सौदे जिंकायला हवेत? यासाठी साधं सूत्र आहे. ठरवलेल्या तोट्यात खर्च मिळवायचा आणि त्याला लक्ष्य अधिक तोटा यांच्या बेरजेनं भागायचं.

तीन टक्के लक्ष्य आणि दीड टक्क्याचा स्टॉप-लॉस धरू. खर्च शून्य असता तर तीनातला एक सौदा जिंकला तरी माणूस बरोबरीत राहिला असता. मोठ्या कॉइनमध्ये येण्याजाण्याचा खर्च ०.६ टक्का असेल तर सुमारे ४७ टक्के सौदे जिंकावे लागतात. खर्च दोन टक्के झाला की हे प्रमाण ७८ टक्क्यांवर जातं. आणि वरच्या उदाहरणासारखा खर्च तीन टक्के असेल तर शंभरातले शंभर सौदे जिंकल्यावर तो माणूस बरोबरीत येतो. लक्ष्य आणि खर्च सारखेच असल्यावर दुसरं काही होणारही नाही. चार्ट वाचण्याचं कसब इथे कामाला येत नाही. ही योजना कागदावरच हरलेली असते.

चार्टवरची खोटी हालचाल

लहान कॉइनकडे स्कॅल्पर ओढला जातो तो चार्टमुळे. एका मिनिटाच्या मेणबत्त्या सतत एक टक्का वर, एक टक्का खाली नाचताना दिसतात. खाली घ्यायचं, वर विकायचं, इतकं सोपं वाटतं.

पण चार्टवर शेवटच्या सौद्याचा भाव उमटतो. एकानं तातडीनं घेतलं की सौदा ५.०० ला होतो. पुढच्यानं तातडीनं विकलं की ४.९५ ला. मग पुन्हा ५.०० ला. बिड आणि आस्क दोन्ही जागेवरच आहेत, कॉइनची किंमत बदललेली नाही, तरी चार्ट एक टक्का खालीवर होतोय. या उड्यांना बिड-आस्क बाउन्स म्हणतात. त्या इतक्या नियमित असतात की त्यांवरून स्प्रेडचा अंदाज कसा काढायचा, हे रिचर्ड रोल यांनी १९८४ मध्ये दाखवलं. म्हणजे जी हालचाल संधी वाटते ती बऱ्याचदा स्प्रेडच असते, आणि मार्केट ऑर्डरनं घेणाराविकणारा ती कमवत नाही, भरतो.

ओळखायचं कसं? चार्ट बाजूला ठेवून पाच-दहा मिनिटं फक्त बिड आणि आस्क पाहायचे. दोन्ही एकत्र वर किंवा खाली सरकत असतील तर हालचाल खरी. दोन्ही स्थिर आणि शेवटचा भावच इकडून तिकडे उडत असेल तर ती बाउन्स. स्टॉप-लॉसही यातच अडकतो. एक टक्का रुंद फटीच्या कॉइनमध्ये एक टक्क्यावर लावलेला आणि शेवटच्या भावावर चालणारा स्टॉप-लॉस, कुणीतरी थोडे कॉइन बिडवर विकले तरी सुटू शकतो. बाजार पडलेला नसतो, पण सौदा तोट्यात बंद होतो. तो मार्केट ऑर्डर म्हणून सुटला तर उथळ बुकमध्ये ठरवल्यापेक्षा बराच खाली जाऊन थांबतो.

लिमिट ऑर्डरनं प्रश्न सुटतो का

यावर नेहमीचं उत्तर मिळतं: लिमिट ऑर्डर लावा. ४.९६ ला घ्यायची ऑर्डर लावून बसा, ४.९९ ला विकायची लावा. मग फट भरावी लागत नाही, उलट मिळते. अनेक एक्स्चेंजवर अशा बसून राहणाऱ्या ऑर्डरला, म्हणजे मेकरला, फीही कमी असते.

हे खरं आहे, पण अर्धंच. लिमिट ऑर्डर कधी भरायची हे समोरचा ठरवतो. भाव वर निघाला की ४.९६ ची ऑर्डर तशीच पडून राहते, चांगला सौदा हातचा जातो. भाव कोसळायला लागला की तीच ऑर्डर आधी भरली जाते, कारण विकणाऱ्यांची घाई तेव्हाच असते. म्हणजे चांगले सौदे निसटतात आणि वाईट सौदे नेमके पदरात पडतात. घेतल्यावर भाव खाली गेला की विकायची ४.९९ ची ऑर्डर कुणी घेत नाही, आणि शेवटी कंटाळून मार्केट ऑर्डरनंच बाहेर पडावं लागतं. फट वाचवायला निघालेला माणूस फटही भरतो आणि घसरणही सोसतो.

हे आपल्या बाबतीत घडतंय का, ते वहीत कळतं. प्रत्येक लिमिट खरेदी भरल्यावर एक मिनिटानं आणि पाच मिनिटांनी बिड व आस्कच्या मधला भाव काय होता, ते लिहून ठेवायचं. तीस-चाळीस नोंदी झाल्या की सरासरी काढायची. पाच मिनिटांनंतरचा मधला भाव सरासरीनं खरेदी भावाच्या खाली असेल, तर फट मिळवल्याचा फायदा आधीच संपलेला आहे. कुणीतरी जास्त वेगानं किंवा जास्त माहितीनं समोरून व्यवहार करतंय, असा त्याचा अर्थ.

टीडीएस आणि कर: राज्य कोणतंही असो

भारतातल्या स्कॅल्परला आणखी दोन गोष्टी मोजाव्या लागतात. आयकर केंद्राचा असल्यानं बेळगाव, पणजी, इंदूर, बडोदा किंवा हैदराबाद, कुठेही राहिलं तरी नियम तोच.

१ जुलै २०२२ पासून क्रिप्टोच्या विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो. तो नफ्यावर नाही, विक्रीच्या रकमेवर. तोट्यात विकलं तरी कापला जातो. हा खर्च नाही, विवरणपत्र भरताना त्याचं श्रेय मिळतं. पण तोवर भांडवल अडकतं, आणि स्कॅल्पर तेच भांडवल पुन्हापुन्हा फिरवत असतो. वीस हजार रुपये घेऊन ना नफा ना तोटा अशा वीस फेऱ्या केल्या, तर फिरवायला सुमारे ₹१६,३५० उरतात. बाकीचे साडेतीन हजारांहून जास्त रुपये परतावा येईपर्यंत गोठलेले. रुपयांऐवजी यूएसडीटी देऊन लहान कॉइन घेतला तर तो एका क्रिप्टोच्या बदल्यात दुसरा क्रिप्टो असा व्यवहार ठरतो. मग खरेदीच्या वेळी यूएसडीटी विकल्याबद्दलही टीडीएसचा नियम लागतो. यूएसडीटीच्या बुकमध्ये फट कमी दिसली तरी ही बाजू विसरून चालत नाही.

दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे. एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर चार टक्के उपकर लागतो. खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा होत नाही, आणि एका सौद्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही. पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. दहा सौदे झाले. पाचांत प्रत्येकी ₹४०० मिळाले, पाचांत प्रत्येकी ₹३०० गेले. माणसाच्या हिशेबानं ₹५०० नफा. कराच्या हिशेबानं नफा ₹२,०००, आणि कर ₹६२४. पाचशे कमावून सव्वाशे रुपये खिशातून घालावे लागतात, तेही फी धरण्याआधी. ज्या पद्धतीत बरेच लहान नफे आणि बरेच लहान तोटे असतात, तिला हा नियम सर्वात जास्त लागतो. स्कॅल्पिंग नेमकी तशीच पद्धत आहे.

सौदा ठरवण्याआधीची मोजणी

कॉइन निवडण्याआधी त्याचं बुक निदान तीन-चार दिवस, ज्या वेळेला सौदे करायचे आहेत त्याच वेळेला पाहावं. पहाटे, सुट्टीच्या दिवशी किंवा मोठी बातमी आली की फट अचानक रुंदावते. दुपारी पाहिलेला आकडा रात्री लागू पडेलच असं नाही. ज्या एक्स्चेंजवर आणि ज्या जोडीत सौदा करायचा तेच बुक पाहायचं. एकाच कॉइनची रुपयांतली आणि यूएसडीटीतली बुकं वेगळी असतात.

प्रत्येक वेळी आपल्या खऱ्या रकमेएवढा माल बुकमधून घेतला आणि लगेच विकला तर किती गळती होईल, ते वरच्यासारखं कागदावर मांडावं. त्यात दोन्ही बाजूंची फी आणि जीएसटी मिळवावा. आलेल्या आकड्यांतला सरासरी नव्हे, वाईटातला वाईट आकडा धरावा, कारण तोट्यातून बाहेर पडायची घाई होते तेव्हा फटही वाईटच असते.

२४ तासांच्या उलाढालीचा आकडा या मोजणीला पर्याय नाही. स्वतःच घेऊन स्वतःलाच विकण्याचे बनावट सौदे त्यात असू शकतात. उलाढाल कोट्यवधींची आणि बिडच्या एक टक्का खालपर्यंत जेमतेम काही हजारांच्या ऑर्डरी, असं विसंगत चित्र दिसलं तर उलाढालीवर नाही, ऑर्डरींवर विश्वास ठेवावा. बुकमधल्या ऑर्डरीही क्षणात काढून घेता येतात. म्हणून काही मिनिटं टिकून राहणाऱ्या ऑर्डरीच खोली म्हणून मोजाव्यात.

शेवटी लक्ष्य, स्टॉप-लॉस आणि हा खर्च वरच्या सूत्रात घालावा. जिंकायला हव्या असलेल्या सौद्यांचं प्रमाण आपल्या वहीतल्या प्रत्यक्ष प्रमाणापेक्षा जास्त आलं तर तीन वाटा उरतात: रक्कम कमी करायची, लक्ष्य लांबवून सौदा तासांचा किंवा दिवसांचा करायचा, किंवा तो कॉइन सोडायचा. रक्कम कमी केली की स्लिपेज घटतं, पण फट आणि फीचा टक्का तेवढाच राहतो. म्हणून नुसत्या फटीनं आणि फीनंच लक्ष्याचा निम्मा भाग खाल्ला असेल, तर तिसरी वाट सर्वात स्वस्त पडते.